छोट्या कर्जसंस्थेसाठी अपेक्षित पतहानी: पीडी, एलजीडी आणि ईएडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान कर्जसंस्थांच्या लेखा आणि वसुली विभागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. समोर धरलं आहे ते साधारण सहाशे खात्यांचं, हप्त्याने फेडायच्या छोट्या व्यावसायिक कर्जांचं पुस्तक. उदाहरणांतले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण सगळ्या उत्तरांत तेच पुस्तक चालू राहतं. हिशोबाची चौकट आयएफआरएस 9 या आंतरराष्ट्रीय लेखामानकाची आहे.

1. अपेक्षित पतहानी म्हणजे नेमकं काय? कर्ज बुडालं की तरतूद करायची, एवढं पुरत नाही का?

आयएफआरएस 9 हे मानक 2014 मध्ये आलं आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झालं. त्याआधीच्या पद्धतीत नुकसान झाल्याचा पुरावा दिसेपर्यंत थांबायचं असायचं. आता कर्ज पुस्तकात आलं की त्यावर किती नुकसान अपेक्षित आहे ते धरायचं असतं, कर्जदार पहिल्या दिवसापासून नियमित असला तरी. मूळ सूत्र एवढंच:

```
ECL = PD × LGD × EAD × DF
```

पीडी म्हणजे खातं डिफॉल्टमध्ये जाण्याची शक्यता. एलजीडी म्हणजे ते गेल्यावर येण्यापैकी किती टक्के रक्कम बुडेल. ईएडी म्हणजे त्या दिवशी किती येणं असेल. डीएफ हा त्या दिवसापासून आजपर्यंत रक्कम मागे आणणारा सवलत गुणक. गुणाकार शाळकरी आहे. चुका होतात त्या या आकड्यांचा एकमेकांशी मेळ न बसल्यामुळे, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

2. डिफॉल्ट कधी धरायचा? आमचा वसुली विभाग 180 दिवसांनंतर खातं बुडीत मानतो.

मानकाचं गृहीतक असं की 90 दिवस थकल्यावर खातं डिफॉल्टमध्ये गेलं. त्याहून उशिराची व्याख्या वापरायची तर ती का योग्य आहे, याला सबळ आधार लागतो. त्याआधीही कर्जदार फेडणार नाही हे स्पष्ट असेल, उदाहरणार्थ धंदा बंद पडला असेल, तर 90 दिवसांची वाट पाहायची नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिन्ही आकडे एकाच घटनेबद्दल बोलले पाहिजेत. एका संस्थेत पीडी 90 दिवसांवर मोजली होती आणि एलजीडी वसुली विभागाच्या 180 दिवसांच्या यादीवरून घेतली होती. 90 ते 180 दिवसांच्या दरम्यान सावरलेली खाती त्या यादीत पोचतच नव्हती, म्हणून एलजीडी फुगलेली होती. दोन्ही विभागांचं काम आपापल्या जागी बिनचूक होतं, गुणाकार मात्र चुकीचा. म्हणून व्याख्या एका पानावर लिहा आणि प्रत्येक आकड्याची यादी त्याच पानावरून काढा.

3. आमच्याकडे स्कोअरकार्ड नाही, मोठं मॉडेल नाही. पीडी कुठून आणायची?

खातेवहीतून. वर्षाच्या पहिल्या दिवशी जी खाती चालू आणि 30 दिवसांपेक्षा कमी थकलेली होती, त्यांची यादी गोठवा. पुढच्या 12 महिन्यांत त्यांपैकी किती 90 दिवसांवर पोचली ते मोजा. मधे पोचून नंतर सावरलेलं खातंही धरायचं, कारण वर्षअखेरच्या स्थितीत ते दिसणार नाही. आपल्या पुस्तकात तीन वर्षांचं चित्र असं आलं:

पहिल्या वर्षी 420 पैकी 11, दुसऱ्या वर्षी 510 पैकी 19, तिसऱ्या वर्षी 570 पैकी 15. एकूण 1,500 पैकी 45, म्हणजे 3 टक्के.

इथे सगळ्यांत जास्त वेळा चुकतो तो छेद. वर्षभरात दिलेली नवी कर्जं वर्षअखेरच्या संख्येत येतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा कर्जांना 90 दिवस थकायला वेळच मिळालेला नसतो. पुस्तक वेगाने वाढत असेल तर अशा छेदाने पीडी खूप सुंदर दिसते, आणि वाढ थांबल्यावर एकदम चढते. म्हणून अंश आणि छेद दोन्ही गोठवलेल्या यादीतूनच घ्यायचे. वर्षाच्या मधे दिलेलं आणि वर्षातच थकलेलं कर्ज या मोजणीत धरायचं नाही.

हा 3 टक्के किती पक्का? नुसत्या योगायोगानेच तो साधारण 2.1 ते 3.9 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. शिवाय तीच खाती पुढच्या वर्षीच्या यादीतही असतात आणि सगळ्यांवर एकाच मंदीचा मार बसतो, म्हणून खरी अनिश्चितता याहून जास्त. अहवालात 3.02 टक्के असं छापू नका.

4. वर्षाच्या मधे पूर्ण फेडलेली खाती छेदातून काढायची का?

काढू नका. पण मग ईएडी काढताना मुदतपूर्व फेडीसाठी पुन्हा कपात करू नका, कारण तिचा परिणाम पीडीत आलेला आहे. दोन्हीकडे धरलं की तरतूद दोनदा कमी होते.

आता त्याहून नाजूक गोष्ट. "बंद" असा शेरा असलेलं प्रत्येक खातं फेडलेलं नसतं. बंद झालेल्या खात्यांची यादी घ्या आणि त्याच कर्जदाराला पुढच्या 15 दिवसांत नवं कर्ज दिलं गेलं का ते शेजारच्या रकान्यात भरा. मी ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा एका खात्यावर डोळे थबकले: 74 दिवस थकलेलं, मंगळवारी पूर्ण जमा, शुक्रवारी जुन्या येण्यापेक्षा थोडं मोठं नवं कर्ज. खातेवहीत एक फेडलेलं खातं आणि एक नवं कोरं. प्रत्यक्षात तोच कर्जदार, तेच येणं, आणि दिवस मोजणं पुन्हा शून्यापासून. नवं कर्ज दिलंच नसतं तर जुनं थकलंच असतं असं दिसत असेल, तर ते डिफॉल्ट म्हणून मोजायला हवं.

5. एलजीडी काढताना "90,000 पैकी 75,000 वसूल झाले, म्हणजे 16.7 टक्के बुडाले" हे बरोबर आहे का?

नाही. यात वेळ आणि खर्च दोन्ही सुटले. हेच खातं उलगडून पाहू. डिफॉल्टच्या दिवशी येणं 90,000, कर्जाचा प्रभावी व्याजदर वर्षाला 18 टक्के. सहा महिन्यांनी 20,000 आले. वर्षाने 25,000 आले, पण त्यासाठी वसुलीवर 5,000 खर्च झाले. दोन वर्षांनी 30,000 आले.

```
20,000 / 1.18^0.5           = 18,411
(25,000 − 5,000) / 1.18     = 16,949
30,000 / 1.18^2             = 21,546
एकूण                        = 56,906
LGD = 1 − 56,906 / 90,000   = 36.8 %
```

सवलतीचा दर कर्जाचा मूळ प्रभावी व्याजदरच घ्यायचा, संस्थेला निधी ज्या दराने मिळतो तो नाही. छोट्या कर्जांचे दर चढे असतात, म्हणून उशिरा आलेल्या पैशाची किंमत फार घसरते.

यासाठी लागणारी माहिती मात्र अनेकदा हरवलेली असते. कर्ज निर्लेखित केलं की खातं गोठतं, आणि त्यानंतर आलेली वसुली "इतर उत्पन्न" या एकाच ओळीत जमा होते. कोणत्या कर्जदाराचे पैसे ते नंतर सांगता येत नाही आणि एलजीडी उगाच वाढते. निर्लेखनानंतरच्या प्रत्येक पावतीवर जुना खाते क्रमांक लिहायची सवय आजपासून लावा. दोन वर्षांनी तीच माहिती कामाला येईल.

6. डिफॉल्टमध्ये जाऊन पुन्हा नियमित झालेली खाती कुठे धरायची?

हा प्रश्न मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. आपल्या 45 खात्यांपैकी 15 जणांनी सगळी थकबाकी भरली आणि ते पुन्हा हप्ते देऊ लागले. त्यांच्यावरचं नुकसान फक्त उशिराचं, समजा 4 टक्के. उरलेल्या 30 खात्यांवर सरासरी 52 टक्के बुडाले. खाती साधारण सारख्या आकाराची आहेत असं धरू.

सगळी 45 धरली तर पीडी 3 टक्के आणि एलजीडी (15 × 4 + 30 × 52) / 45, म्हणजे 36 टक्के. गुणाकार 1.08 टक्के.

फक्त न सावरलेली 30 धरली तर पीडी 2 टक्के आणि एलजीडी 52 टक्के. गुणाकार 1.04 टक्के. सावरलेल्यांचं किरकोळ नुकसान यात सुटतं, पण उत्तर जवळपास तेच येतं.

आता मिसळून पाहा. पीडी 45 खात्यांवर, म्हणजे 3 टक्के, आणि एलजीडी वसुली विभागाने दिलेली, म्हणजे 52 टक्के. गुणाकार 1.56 टक्के, तरतूद 44 टक्क्यांनी जास्त. उलट मिसळलं, 2 टक्के आणि 36 टक्के, तर 0.72 टक्के, म्हणजे तरतूद एक तृतीयांशाने कमी. दोन्ही वेळा प्रत्येक आकडा वेगळा तपासला तर तो खराच निघतो, म्हणून लेखापरीक्षणातही ही चूक निसटते. ओळखायची खूण सोपी: एलजीडीच्या यादीत किती खाती आहेत ते विचारा. पीडीच्या अंशात 45 आणि एलजीडीच्या यादीत 30 असतील तर पुढे वाचायच्या आधी थांबा.

एक पुरवणी. एखादा हप्ता भरला की खातं "सावरलं" असं म्हणू नका. पूर्ण थकबाकी भरून पुढचे काही महिने नियमित राहण्याची अट ठेवा आणि ती प्रश्न 2 मधल्या पानावरच लिहा. नाहीतर तेच खातं वर्षात दोनदा डिफॉल्ट आणि दोनदा सावरलेलं दिसतं.

7. ईएडी म्हणजे आजची शिल्लकच ना?

हप्त्याच्या कर्जात शिल्लक उतरत जाते, म्हणून आजची शिल्लक सहसा जास्त ठरते. पण हप्तेपत्रकावरची शिल्लकही सरळ घेऊन चालत नाही. समजा खातं सहाव्या महिन्याच्या शेवटी 90 दिवस थकलेलं ठरलं. म्हणजे कर्जदाराने हप्ते साधारण तिसऱ्या महिन्यानंतरच थांबवले होते. येणं तिसऱ्या महिन्याच्या शिल्लकेवर अडकलं आणि वर व्याज चढलं. सहाव्या महिन्याची पत्रकातली शिल्लक घेतली तर ईएडी कमी पडते.

सोपा मार्ग: प्रश्न 3 मधल्या 45 खात्यांची डिफॉल्टच्या दिवसाची एकूण येणी घ्या आणि यादी गोठवल्या दिवशीच्या त्यांच्याच एकूण शिल्लकेने भागा. आपल्या पुस्तकात ते 90 टक्के आलं.

मर्यादा मंजूर असलेल्या उचल खात्यांचं गणित उलट चालतं. अडचणीतला माणूस उरलेली मर्यादा आधी उचलतो. मर्यादा 2,00,000, वर्षापूर्वीची उचल 80,000 आणि डिफॉल्टच्या दिवशी 1,70,000 असेल, तर न उचललेल्या 1,20,000 पैकी 90,000 म्हणजे 75 टक्के वापरले गेले. हे प्रमाण अशा खात्यांवर वेगळं काढा.

8. मग नियमित पुस्तकावर एकूण तरतूद किती येते?

600 खाती, एकूण शिल्लक 4,80,00,000.

```
EAD = 4,80,00,000 × 90 %           = 4,32,00,000
ECL = 4,32,00,000 × 3 % × 36 %     = 4,66,560
अर्ध्या वर्षाची सवलत ÷ 1.18^0.5    ≈ 4,29,500
```

ही शेवटची सवलत प्रश्न 5 मधल्या सवलतीची पुनरावृत्ती नाही. तिथे वसुलीचे पैसे डिफॉल्टच्या दिवसापर्यंत मागे आणले होते. इथे डिफॉल्टच्या दिवसापासून अहवालाच्या तारखेपर्यंत आणतो. डिफॉल्ट वर्षभर विखुरलेले असतात, म्हणून सरासरी सहा महिने धरले.

हा आकडा एकाच, नेहमीच्या परिस्थितीवर उभा आहे. पुढे काय बदलतं ते प्रश्न 11 मध्ये.

9. खातं 30 दिवस थकलं की तरतूद एकदम इतकी का वाढते?

कारण दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. पहिल्या टप्प्यातल्या कर्जावर पुढच्या 12 महिन्यांत होऊ शकणाऱ्या डिफॉल्टचंच नुकसान धरतात. कर्ज देताना होती त्यापेक्षा जोखीम लक्षणीय वाढली की ते दुसऱ्या टप्प्यात जातं आणि उरलेल्या पूर्ण मुदतीचं नुकसान धरावं लागतं. 30 दिवसांची थकबाकी हे त्या वाढीचं गृहीत लक्षण आहे. त्याचबरोबर थकलेल्या खात्याची पीडीही मुळातच जास्त असते.

एक खातं घेऊ. शिल्लक 3,00,000, उरलेली मुदत तीन वर्षं. डिफॉल्ट झालाच तर येणं पहिल्या वर्षी 2,70,000, दुसऱ्या वर्षी 1,80,000, तिसऱ्या वर्षी 75,000. त्या त्या वर्षाच्या सुरुवातीला खातं टिकून असेल तर त्या वर्षीची पीडी 15, 10 आणि 8 टक्के. पण दुसऱ्या वर्षापर्यंत 85 टक्केच टिकतील आणि तिसऱ्यापर्यंत 76.5 टक्के.

```
वर्ष 1: 2,70,000 × 15.00 % × 36 % / 1.18^0.5 = 13,422
वर्ष 2: 1,80,000 ×  8.50 % × 36 % / 1.18^1.5 =  4,297
वर्ष 3:   75,000 ×  6.12 % × 36 % / 1.18^2.5 =  1,092
एकूण                                          = 18,811
```

हेच खातं पहिल्या टप्प्यात 3 टक्के पीडीवर असतं तर तरतूद सुमारे 2,680 झाली असती. म्हणजे सातपट. यातली मोठी उडी मुदतीची नाही, पीडीची आहे: पहिल्या वर्षाचेच 13,422 आहेत. म्हणून टप्पा ठरवण्यावर वाद घालण्याआधी थकलेल्या खात्यांची पीडी वेगळी मोजली आहे का ते पाहा.

10. आधीच डिफॉल्टमध्ये असलेल्या खात्यावर सरसकट 36 टक्के तरतूद चालेल का?

चालणार नाही. अशा खात्याची पीडी 100 टक्के असते, पण 36 टक्के ही डिफॉल्टच्या पहिल्या दिवसाची एलजीडी आहे. त्यात लवकर सावरणारी खाती मिसळलेली आहेत. वर्ष उलटूनही जे खातं तिथेच आहे, त्याची गोष्ट वेगळी.

प्रश्न 5 मधलंच खातं वर्षानंतर पाहा. 45,000 येऊन गेले. चढतं व्याज बाजूला ठेवलं तर 45,000 उरले आणि पुढच्या वर्षी 30,000 अपेक्षित, ज्यांची आजची किंमत 25,424. उरलेल्या येण्यावर नुकसान 43.5 टक्के. डिफॉल्टला किती दिवस झाले त्यानुसार तीन-चार गट करा आणि प्रत्येक गटाची उरलेली वसुली वेगळी मोजा.

11. भविष्याचा अंदाज कसा घालायचा? आमच्याकडे अर्थतज्ज्ञ नाही.

मानकाला एकच "सर्वांत संभाव्य" आकडा चालत नाही, शक्यतांनुसार भारित आकडा हवा असतो. छोट्या संस्थेला तीन परिस्थिती पुरतात. समजा चांगल्या परिस्थितीत पीडी 2.5 आणि एलजीडी 34, नेहमीच्या परिस्थितीत 3 आणि 36, वाईट परिस्थितीत 6 आणि 45 टक्के. भार 20, 60 आणि 20 टक्के.

प्रत्येक परिस्थितीचा गुणाकार आधी करा: 0.85, 1.08 आणि 2.70 टक्के. मग भारित सरासरी घ्या, 1.36 टक्के येते. आधी पीडी आणि एलजीडीच्या वेगवेगळ्या सरासऱ्या काढून त्यांचा गुणाकार केला तर 1.31 येतात, कारण वाईट काळात दोन्ही एकत्र बिघडतात हे त्यात पुसलं जातं. प्रश्न 8 मधली तरतूद आता साधारण 5,40,000 होते.

वाईट परिस्थितीचे आकडे आणायचे तर आपल्याच इतिहासातलं सर्वांत वाईट वर्ष घ्या आणि त्याहून वाईट का होऊ शकतं किंवा शकत नाही ते दोन वाक्यांत लिहा.

12. एका कर्जप्रकारात आजवर एकही डिफॉल्ट नाही. पीडी शून्य लिहू का?

150 खात्यांत वर्षभर एकही डिफॉल्ट नसेल, तरी खरी पीडी 2 टक्क्यांपर्यंत असू शकते हे ती माहिती नाकारू शकत नाही. 3 ला खात्यांच्या संख्येने भागलं की ही 95 टक्के विश्वासाची वरची सीमा अंदाजे मिळते. मात्र ती सीमाच पीडी म्हणून वापरू नका, कारण मानकाला ना आशावादी ना निराशावादी, निःपक्ष अंदाज हवा असतो. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे जवळच्या कर्जप्रकाराची पीडी घेऊन ती कारण देऊन थोडी खाली आणणं, आणि ती या सीमेच्या आत आहे ना ते पाहणं.

13. एकूण तारणाची किंमत एकूण कर्जाइतकी आहे. तरीही एलजीडी कशी?

तारण एकत्र करून पाहता येत नाही. दोन कर्जं, प्रत्येकी 1,00,000. एकावर 1,60,000 चं तारण, दुसऱ्यावर 40,000 चं. बेरीज बरोबर 2,00,000, पण दोन्ही बुडाली तर दुसऱ्यावर 60,000 जातात आणि पहिल्याचे जास्तीचे 60,000 त्या कर्जदाराचे असतात. म्हणून वसुली प्रत्येक खात्यावर येण्याइतकीच मर्यादित ठेवा आणि नंतर बेरीज करा. विक्रीला लागणारा वेळ आणि खर्च प्रश्न 5 प्रमाणेच वजा होतील.

14. अंदाज 3 टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात 600 पैकी 22 खाती गेली. मॉडेल चुकलं का?

एवढ्यावरून म्हणता येत नाही. अपेक्षित होती 18. खाती एकमेकांपासून स्वतंत्र धरली तरी 10 ते 26 च्या मधला कोणताही आकडा 3 टक्के पीडीशी जुळतो. 22 पाहून लगेच पीडी 3.7 केली आणि पुढच्या वर्षी 14 आल्यावर 2.3 केली, तर तरतूद योगायोगाच्या मागे धावत राहील.

सलग तीन वर्षं आकडा अपेक्षेच्या वरच राहिला, किंवा 22 पैकी 15 एकाच शाखेतली किंवा एकाच वर्षी दिलेल्या कर्जांतली निघाली, तर मात्र काहीतरी बदललं आहे. म्हणून एकूण संख्येआधी ती 22 खाती समोर मांडून वाचा: कधी दिली, कोणी मंजूर केली, पहिला हप्ता केव्हा चुकला, आणि प्रश्न 4 मधल्या यादीत त्यांपैकी किती आधीच "बंद" होऊन नव्याने उघडली होती.